आठातला एक वाटा

(मुस्लिम वारसा आणि ठरलेले हिस्से या विषयावर पेठ वडगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मयताची मालमत्ता बायको, मुलगे आणि मुली यांच्यात कशी वाटली जाते, हा आजचा विषय. वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात मुजावर, मुल्ला, शिकलगार, बागवान, अत्तार, तांबोळी अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. कुणाची शेती आहे, कुणाचं दुकान आहे, कुणाचं पेठेतलं जुनं घर आहे. कोर्टात येणारी भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात. हिशेब कठीण आहे म्हणून ती होतात, असं मला कधी दिसलं नाही. हिशेब चौथीच्या मुलालाही यावा असा आहे. भांडण होतं ते माणूस गेल्या दिवशी नेमकं काय घडलं, हे घराने मानलेलं नसतं म्हणून. मुस्लिम कायद्यात डोळे मिटले त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा होऊन त्याच्या मालकीचा झालेला असतो. घर मात्र पुढची वीस वर्षं सगळं ‘एकत्रच आहे’ असं धरून चालतं.

ही सवय आली कुठून? २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत समान नागरी कायद्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहाच्या लक्षात आणून दिलं होतं की, १९३७पर्यंत संयुक्त प्रांत, मध्य प्रांत आणि मुंबई प्रांतातले बरेचसे मुसलमान वारशाच्या बाबतीत हिंदू कायद्यानेच चालत होते. मुंबई प्रांतात १८२७च्या रेग्युलेशननुसार आधी रूढी पाहिली जाई आणि रूढी नसेल तर धर्माचा कायदा. १८४७मध्ये खोजा आणि कच्छी मेमन समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा मुंबईच्या कोर्टाने रूढी मान्य करून त्यांना तो नाकारला. शरियत कायदा १९३७ साली झाला, तो या रूढी मोडण्यासाठी. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी त्याला पाठिंबा दिला होता, कारण रूढीत मुलीला काहीच मिळत नव्हतं आणि कायद्यात निदान ठरलेला हिस्सा होता. आपलं कोल्हापूर त्या वेळी संस्थान होतं. ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी. म्हणजे आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा जुन्या रिवाजात वाढले. ‘मुलीला लग्नात दिलं, आता शेत मुलांचं’ हे वाक्य त्या रिवाजातलं आहे. शरियतीत त्याला आधार नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. नाव कुणाचंच नको. वडगाव शिवारात दोन एकर बागायत, म्हणजे ऐंशी गुंठे ऊस. गावात एक घर. बँकेत बारा लाखांची ठेव. घरातला कर्ता पुरुष वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. सगळ्या मुलींची लग्नं झालेली. आई-वडील आधीच गेलेले. सुन्नी हनफी घर धरू, कारण आपल्या भागात बहुतेक घरं तीच आहेत. शिया घरांत नियम काही ठिकाणी वेगळे पडतात, ते आज बाजूला ठेवतो.

पहिला प्रश्न, वाटायचं काय? ऐंशी गुंठे वडिलांच्या वडिलांकडून आलेले असतील, तर थोरला मुलगा म्हणणार, ‘जमीन वडिलोपार्जित आहे, आमचा जन्मापासून हक्क.’ हिंदू एकत्र कुटुंबात ते म्हणता येतं. इथे येत नाही. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही, आणि आजोबांची जमीन व स्वकष्टाची जमीन असा भेदही नाही. बाप जिवंत असेतो सगळं त्याचं. तो विकू शकतो, देऊ शकतो, आणि मुलगा वाटणी मागू शकत नाही. बाप गेला की जे काही त्याच्या मालकीचं होतं ते सगळं एकाच नियमाने वाटलं जातं. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन तेवढी यातून बाहेर ठेवायची. ती कसणाऱ्याच्या नावापुढे दिसत असली, तरी त्याची खाजगी दौलत नसते.

दुसरा प्रश्न, वाटण्याआधी वजा काय करायचं? क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरेल ते वारसांना. आपल्या घराचा हिशेब मांडू. दफनाचा खर्च तीस हजार. विकास सोसायटीचं पीककर्ज दीड लाख. दवाखान्याचं थकलेलं बिल एक लाख वीस हजार. आणि एक देणं असं की ते घरात कुणी उच्चारत नाही, ते म्हणजे बायकोचा मेहर. निकाहनाम्यात एक लाख लिहिलेला असेल आणि दिला नसेल, तर ते नवऱ्याच्या अंगावरचं कर्ज आहे, सोसायटीच्या कर्जासारखंच. बहुतेक बायका जनाज्याजवळ ‘मी माफ केला’ म्हणून मोकळ्या होतात. दुःखात, दहा माणसांच्या गराड्यात, सांगितलं म्हणून म्हटलेल्या माफीवर कोर्ट सहज विसंबत नाही. तरी दावा करायला मुदत आहे, नवऱ्याच्या मृत्यूपासून तीन वर्षं. ती गेली की गेली. पण मेहरच्या वसुलीसाठी विधवा नवऱ्याच्या मालमत्तेचा रीतसर ताबा घेऊन बसली असेल, तर मेहर मिळेपर्यंत तो ताबा तिला राखता येतो.

चारही देणी मिळून चार लाख झाली. ठेवीतले आठ लाख उरले. ठेवीवर ‘नॉमिनी’ म्हणून थोरल्या मुलाचं नाव आहे. बँक पैसे त्याच्या हाती देईल, हे खरं. पण नॉमिनी म्हणजे पैसे घेऊन वारसांना पोचवणारा. बँकेच्या ठेवीचा तो मालक होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हापुन्हा सांगितलं आहे.

वसियत या घरात नाही असं धरलं. असती तर तिला मर्यादा होती. खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापलीकडे वसियत वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. आणि जो वारस आहेच, त्याच्या नावे केलेली वसियत बाकीच्या वारसांनी, तीही मृत्यूनंतर, मान्य केली तरच लागू होते. तेव्हा ‘अब्बांनी घर धाकट्याला लिहून दिलंय’ असं सांगत वसियतीचा कागद पुढे केला, तरी बहिणींनी नाही म्हटलं की तो कागद पडला.

आता हिस्से. कुराणाच्या ‘सूरह निसा’तल्या अकराव्या आणि बाराव्या आयतींत ते ठरवून दिले आहेत. मयताला मूल असेल तर बायकोला एक अष्टमांश, नसेल तर एक चतुर्थांश. दोन बायका असतील तर त्या तेवढ्यातच वाटून घेणार. मुलगे आणि मुली दोन्ही असतील, तर बाकीचं सगळं त्यांचं, मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. बायकोचा आठातला एक बाजूला काढला, सात उरले. दोन मुलांचे चार भाग, तीन मुलींचे तीन, मिळून सातच. म्हणजे या घरात सगळं आठ सारख्या वाट्यांत बसतं. आईला एक, प्रत्येक मुलाला दोन, प्रत्येक मुलीला एक. ठेवीतले आठ लाख घेतले तर आईला एक लाख (मेहरचा एक लाख तिला आधीच वेगळा मिळाला), मुलांना दोन-दोन लाख, मुलींना एक-एक लाख. ऐंशी गुंठ्यांत आईचे दहा, मुलांचे वीस-वीस, मुलींचे दहा-दहा. घराच्या भिंती आठ जागी कापता येत नाहीत. घराची किंमत करायची, राहणाऱ्याने ते ठेवायचं आणि बाकीच्यांना पैसे द्यायचे, नाहीतर शेतातले तेवढ्या किमतीचे गुंठे जास्त सोडायचे. शहाणी घरं दोन्ही मिळकती एका वाटणीपत्रात घेऊन असाच मेळ घालतात.

जमिनीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. १९३७च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. १९३५च्या घटनेनुसार शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय होता, म्हणून केंद्रीय विधिमंडळाला तिला हात लावता आला नाही. मद्रास आणि केरळने पुढे स्वतःचे बदल करून ती आत घेतली. महाराष्ट्राने तसं केलेलं नाही. याचा फायदा घेऊन भाऊ म्हणतात, ‘शेतीला शरियत लागू नाही, मुलीला शेत नाही.’ हे अर्धंच खरं. कायदा वगळला म्हणजे त्या जागी हिंदू रूढी आपोआप बसत नाही. अशी रूढी आपल्या घराण्यात, आपल्या समाजात जुनी, अखंड आणि निश्चित आहे, हे जो म्हणतो त्यानेच पुराव्याने सिद्ध करायचं. ते झालं नाही तर शेतालाही मुस्लिम वारसा कायदाच लागतो. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. २०२३मध्ये राज्याने बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. आपल्या घराची मुलगी बरोबर दहा गुंठ्यांवर आहे, म्हणून तिचा तुकडा वेगळा मोजून देता येईल. हीच जमीन जिरायत असती, तर तिच्या दहा गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडता आला नसता. तेव्हा हक्क तसाच राहतो, पण तो किमतीत किंवा दुसऱ्या मिळकतीत द्यावा लागतो.

आता याच घरात एक माणूस वाढवू. मयताची आई जिवंत आहे. मुलाबाळांच्या बापाची आई म्हणून तिला एक षष्ठांश. बायकोचा आठवा भाग तिला आहे तसाच राहतो, घटतात ती मुलं. हिशेब १६८ भागांवर जातो. बायकोला २१, आजीला २८, प्रत्येक मुलाला ३४, प्रत्येक मुलीला १७. बेरीज करून पाहा, १६८ येतील. असले हिशेब जुनेच आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसियत आणि वारशाच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. आपल्या उदाहरणात मुलीचे दहा गुंठे आता आठावर आले, आणि ती प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली गेली.

खरी अडचण पुढे येते. आजीचा मुलगा, म्हणजे घरातला कर्ता, गेला, वाटणी कुणी केली नाही, आणि सहा महिन्यांनी आजीही गेली. घरातले सगळे धरून चालतात की आजीचं जे होतं ते आता नातवंडांचं. तसं होत नाही. मुलगा मेला त्याच दिवशी आजीचे २८ भाग आजीच्या मालकीचे झाले होते. आता तिची मालमत्ता वाटायची ती तिच्या मृत्यूच्या दिवशी हयात असलेल्या वारसांत. समजा तिला एक मुलगा आणि दोन मुली हयात आहेत, म्हणजे आपल्या पोरांचे एक चुलते आणि दोन आत्या. आजीचे २८ भाग १४, ७, ७ असे त्यांच्याकडे जातात. नातवंडांना त्यातलं काही नाही, कारण मुलगा हयात असताना आधी मेलेल्या मुलाची मुलं वारस होत नाहीत. चुलत्याला या शेतात साडेसहा गुंठ्यांहून थोडं जास्त येतं, आणि ते मागायला तो पाच वर्षांनी आला तर घरात वादळ उठतं. म्हणून दोन मृत्यूंचे दाखले हाती आले की सर्वांत आधी तारखा पाहाव्यात. कोण आधी गेलं यावर सगळी वाट बदलते, आणि एकाच अपघातात दोघं गेले तर तास-मिनिटांवर खटले चालतात.

बाप आधी गेलेल्या नातवंडांचा हा प्रश्न मला फार जिव्हारी लागतो. पाकिस्तानने १९६१मध्ये अध्यादेश काढून त्यांना बापाच्या जागी वाटा दिला. भारतात मुस्लिम कायद्यात हा बदल झालेला नाही. उपाय आजोबांच्या हातात आहे. असा नातू वारस नसल्यामुळे त्याच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत कुणाच्याही संमतीशिवाय करता येते. ज्यांचा मुलगा गेला आणि सून-नातवंडं घरात आहेत, अशा प्रत्येक आजोबाने ती करून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगतो.

ज्या घरात मुलगाच नाही तिथे मुलींचा हिस्सा ठरलेला असतो. एक मुलगी असेल तर अर्धा, दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांत मिळून दोन तृतीयांश. बायको आणि दोन मुली ठेवून माणूस गेला, तर चोविसातले तीन बायकोला, सोळा मुलींना, आणि उरलेले पाच मयताच्या भावाला. भाऊ-बहीण दोन्ही असतील तर त्यांच्यात दोनास एक. कष्टाने उभं केलेलं दुकान, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा दिराकडे जातोय, हे विधवेला तेव्हा कळतं जेव्हा तो वारस दाखल्यात आपलं नाव घालायला येतो. केरळमधले वकील सी. शुक्कूर यांना तीन मुली. त्यांनी आपल्या पत्नीशी ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. त्यामुळे त्यांची मालमत्ता भारतीय उत्तराधिकार कायद्याने, म्हणजे एक तृतीयांश पत्नीला आणि बाकी मुलींना सारखी जाईल. इस्लाममधल्या वारशावर त्यावरून मोठी चर्चा झाली.

मुलीला मुलाच्या निम्मं का, हा प्रश्न इथे विचारला जाणार, आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. जुने जाणकार सांगतात की मेहर देणं, घर चालवणं, आईबाप सांभाळणं हे पुरुषावर आहे, म्हणून त्याला दुप्पट. ज्या काळात ते खरं होतं त्या काळात हे उत्तर पुरेसं होतं. आज कमावणारी, आईला आपल्या घरी नेऊन सांभाळणारी मुलगी इथल्या प्रत्येक गल्लीत आहे. मला निम्मा वाटा न्याय्य वाटत नाही. पण त्याहून मोठा अन्याय असा की तो निम्माही तिच्या हाती पडत नाही. आणि ज्याला मुलगा-मुलगी दोघांना सारखं द्यायचं आहे, त्याला मार्ग खुला आहे. तो म्हणजे हिबा, हयातीतलं बक्षीस. देतो असं स्पष्ट सांगणं, घेणाऱ्याने स्वीकारणं, आणि ताबा देणं, एवढ्या तीन गोष्टी लागतात. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं की लिहिलेला हिबा नोंदवला नाही म्हणून तो रद्द होत नाही. तरीही नोंदवावा, कारण नोंदवलेला कागद नाकारणं अवघड जातं. हिबे मोडतात ते बहुतेक वेळा ताब्यावर. ‘मुलीला शेत दिलं’ असा कागद करून बाप स्वतःच ऊस लावतो, बिल स्वतःच्या खात्यावर घेतो, आणि तो गेल्यावर भाऊ म्हणतात की दिलंच नव्हतं. शेत दिलं तर खंड तिच्या नावावर जायला हवा आणि सातबाऱ्यावर नोंद तिची हवी. मरणाच्या आजारात, वाचण्याची आशा नसताना दिलेल्या हिब्याला मात्र वसियतीच्याच मर्यादा लागतात. म्हणून तो अंथरूण धरण्याआधी करावा.

शेवटी नोंदीकडे वळतो, कारण बहिणीचा वाटा बहुधा इथेच हरवतो. जमिनीचा मालक वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तो फेरफार धरतो, नोटीस लावतो, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्ज भाऊ देतो आणि वारसांच्या यादीत आपल्या दोघांची नावं लिहितो. आईचं नाव ‘ती आपल्याकडेच आहे की’ म्हणून, बहिणींचं ‘त्या दिल्या घरी गेल्या’ म्हणून राहतं. नावं सगळ्यांची आली तरी पुढे हिस्सा लिहिलेला नसतो, आणि आठातल्या एक-एक वाट्याच्या मालक असलेल्या बायका कागदावर नुसती नावं उरतात.

दुसरा प्रकार हक्कसोडपत्राचा. ईदला माहेरी आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं जातं, आणि ती सही करून येते. तिने पूर्ण समजून, खुशीने केलं असेल तर तिचा निर्णय मान्य. पण तो कागद नोंदवलेला आणि बापाच्या मृत्यूनंतरचा असायला हवा. बाप जिवंत असताना मुलीने ‘मला पुढे काही नको’ असं लिहून दिलं, तर त्याला हक्कसोड म्हणता येत नाही, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला हक्कच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्ये याला एक अपवाद मानला. मोबदला घेऊन, आणि समोरच्याला त्यावर विसंबून वागायला लावून, मग फिरता येत नाही. म्हणून अशा कागदावर सही करताना किती रक्कम घेतली हे ज्यात लिहिलं असतं ते वाक्य नीट वाचावं.

ज्या बहिणीचं नाव राहून गेलं तिच्यासाठी सांगतो. फेरफार मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, तो महसुलापुरता कागद आहे. मंजुरीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला साठ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर कारण सांगून मुदत माफीचा अर्ज करता येतो. ते गेलं तरी वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो. भाऊ वीस वर्षं एकटाच शेत कसतोय, एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही. एका सहमालकाचा ताबा कायद्याने सर्वांसाठीचा धरला जातो, आणि त्याने तिचा हक्क उघडपणे नाकारला, तो नकार तिला कळला, तेव्हापासून बारा वर्षं मोजायला सुरुवात होते. दाव्याला जाताना बापाच्या नावाचा जुना सातबारा, मृत्यूचा दाखला, ज्या फेरफाराने भावांची नावं लागली त्याची नक्कल, आणि घरासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, एवढे कागद सोबत असावेत. फेरफाराच्या नकलेत खबर कुणी दिली आणि वारस म्हणून कोणाची नावं सांगितली, हे लिहिलेलं असतं. दाव्यातला पहिला पुरावा बहुतेक वेळा तोच ठरतो.